मांडव पुन्हा घालता येत नाही, मग भरपाई कशाची मागायची?

*ताई, अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी वैशाखात बहिणीचं लग्न झालं. हळद आणि लग्न अशा दोन दिवसांच्या फोटो-व्हिडिओची ऑर्डर धुळ्याच्या एका फोटोग्राफरला ८५ हजारांत दिली होती. इसार ४० हजार. त्यातले २५ यूपीआयने आणि १५ रोख वडिलांनी दिले. हळदीच्या संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "गाडी खराब झाली, सकाळी ७ ला नक्की पोचतो." त्यानंतर फोन बंद. दुपारी तालुक्याहून एका स्टुडिओवाल्या पोराला १२ हजारांत बोलावलं. त्याने ग्रुप फोटो आणि पाठवणी घेतली. नवरदेवाकडचा फोटोग्राफर होता, पण त्याच्याकडे वरात आणि लग्न लागतानाचेच फोटो आहेत. हळदीचं काहीच नाही. आमचे ८४ वर्षांचे आजोबा अंथरुणावरून उठून नातीला हळद लावायला आले होते. दीड महिन्याने ते गेले.*

*आता तो म्हणतो आई आजारी होती, आणि छापील कार्डावर "अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही" असं लिहिलंय. पण त्याच दिवशी धुळ्यात दुसऱ्या लग्नात काम केल्याचा रील त्याने स्वतःच टाकलाय. करार असा काही नाही. मित्र म्हणतात, "जाऊ दे ना भो." मला वाटतं त्याच्यावर ४२० लावावी आणि लग्नाचा सगळा ६ लाखांचा खर्च वसूल करावा. होईल का?*

भाऊ, पुढचं वाचण्याआधी तो रील वाचवून ठेवा. नोटीस हातात पडली की तो पहिल्यांदा तेवढंच पुसेल. नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नाही. त्याचं खातं उघडण्यापासून रील चालेपर्यंतचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. खात्याचं नाव आणि पोस्टची तारीख त्यात दिसली पाहिजे. रीलची लिंकही वेगळी लिहून ठेवा. पण रील टाकल्याची तारीख म्हणजे लग्नाची तारीख नव्हे, आणि त्याचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवेल. धुळ्याच्या त्या लग्नाची पत्रिका मिळाली तर हा प्रश्नच मिटतो. आपल्याकडे कुठलीही पत्रिका दोन फोनांच्या अंतरावर असते; सोयऱ्यांना विचारा. त्याच्याशी झालेलं अख्खं चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा आणि ज्या फोनवर ते आहे तो फोन सध्या विकू नका, बदलू नका.

आता ६ लाखांचं. तुमचा राग मला पूर्ण समजतो, पण हा आकडा अर्जात लिहिलात तर मूळची चांगली केस तुम्हीच हलकी कराल. ६ लाखांत मांडव होता, जेवणावळ होती, बस्ता होता, बँड होता. ते सगळं तुम्हाला मिळालं. पाहुणे जेवून गेले आणि बहीण सुखरूप सासरी गेली. फोटोग्राफर आला नाही म्हणून लग्न वाया गेलं असं कुठलाही न्यायाधीश मानणार नाही, आणि खरं सांगायचं तर तुमची बहीणही मानणार नाही. बुडाली ती त्या दोन दिवसांची नोंद, आणि तीही सगळी नाही. हळद पूर्ण गेली, सकाळचे विधी गेले, आजोबा गेले. लग्न लागतानाचे फोटो व्याह्यांकडे आहेत, पाठवणी त्या पोराने घेतली आहे. हे सगळं अर्जात आपणहून लिहा. "फोटो तर आहेत की यांच्याकडे" असं त्याने सुनावणीत काढलं आणि तुम्ही ते आधी लपवलेलं असलं, तर तुमच्या उरलेल्या म्हणण्यावरचा विश्वासही उडतो.

करार मोडला तर भरपाई कशाची, हे भारतीय करार कायद्याचं कलम ७३ सांगतं. मोडण्यामुळे ओघानेच झालेलं नुकसान मिळतं. शिवाय करार करतानाच दोघांनाही ठाऊक होतं की मोडला तर हे नुकसान होईल, असं नुकसानही मिळतं. लांबून लांबून जोडलेलं मिळत नाही. हे तुमच्या पैशांना लावून बघू. तो आला असता तर तुमचे ८५ हजार गेले असते आणि फोटो मिळाले असते. तो आला नाही. तुम्ही त्याला ४० दिले आणि त्या पोराला १२. आता ४० परत मिळाले तर फोटोंवर तुमचा एकूण खर्च १२ हजारच झाला, ८५ नाही. म्हणून हे १२ हजार वेगळं नुकसान म्हणून मागायला जागा कमी आहे. ऐनवेळी आणलेल्या माणसाने १ लाख घेतले असते, तर वरचे १५ हजार हक्काने मागता आले असते. बरेच लोक दोन्ही आकडे जोडून टाकतात आणि मग समोरचा वकील हीच वजाबाकी मांडतो. बदली माणूस आणला म्हणून हक्क जातो, अशीही एक समजूत आहे, ती खोटी. नुकसान कमी करायला हाताशी काय उपाय होता हे त्याच कलमात बघितलं जातं, आणि तुम्ही तो केलात. त्या १२ हजारांची पावती त्यासाठीच जोडा.

म्हणजे निव्वळ हिशेबात नुकसान ४० हजार आणि त्यावरचं व्याज, एवढंच उरतं. मग आजोबांचं काय? व्यापारी करारात मनाच्या दुःखाचे पैसे देत नाहीत असा जुना दंडक आहे. सिमेंटच्या गोण्या वेळेवर आल्या नाहीत तर कुणी मनस्तापाची भरपाई मागत नाही. पण लग्नाच्या फोटोंचा करार मुळात भावनेसाठीच केलेला असतो. स्कॉटलंडच्या एका कोर्टापुढे १९७१ साली तुमच्यासारखीच केस आली होती. फोटोग्राफर लग्नाला पोचलाच नव्हता. कोर्टाने जुना दंडक बाजूला ठेवून नवरीला मनाला झालेल्या त्रासाबद्दल ३० पौंड दिले. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, आणि आपल्याला त्याची गरजही नाही. ग्राहकाच्या भरपाईत मानसिक त्रासही येतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलेलं आहे. म्हणूनच दिवाणी कोर्टापेक्षा ग्राहक आयोगाचा रस्ता मी तुम्हाला सुचवते.

त्रासाला दरपत्रक नसतं. किती द्यायचं ते प्रत्येक प्रकरण बघून ठरतं, सगळ्यांना एकच माप लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली गाझियाबादच्या प्रकरणात म्हटलं. म्हणून तुमच्या बाजूचा सगळ्यात मोलाचा कागद कोणता, ते नीट बघा. पत्रासोबत तुम्ही चॅटचे फोटो पाठवलेत. त्यात लग्नाच्या आठवडाभर आधीचा तुमचा मेसेज आहे: "आजोबांची तब्येत बरी नसते, हळदीला नातीसोबत त्यांचे चांगले फोटो घ्या." खाली त्याचं उत्तर: "हो दादा, काळजीच नको." भाऊ, ही ओळ त्या पावतीपेक्षा मोठी आहे. आपण आलो नाही तर नेमकं काय कायमचं जाणार, हे त्याला माहीत होतं आणि त्याने ते मान्य केलं होतं. हा मेसेज ऑर्डर दिल्यानंतरचा आहे, करार करतानाचा नाही, अशी खुसपट तो काढू शकेल. पण ऑर्डर देताना वडिलांनी दुकानात तोंडी हेच सांगितलं असेल, तर वडिलांच्या प्रतिज्ञापत्रात ते आलं पाहिजे. अर्जात "आम्हाला अतोनात मानसिक त्रास झाला" हे छापील वाक्य टाकून भागवू नका. हा मेसेज तारीख-वेळेसह उतरवा आणि खाली आजोबांच्या मृत्यूचा दाखला जोडा.

आकडा विचारलात तर मी असा लिहीन: इसाराचे ४० हजार, दिल्या तारखेपासून ९ टक्के व्याजाने, मानसिक त्रासाचे १ लाख, खर्चाचे १० हजार. लाख मिळतीलच असं नाही, कमीही मिळतील. पण हा आकडा विचारला तर समजावून सांगता येतो, ६ लाखांचा येत नाही. हळद पुन्हा करून शूटिंग करायचं आणि त्याचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा, असंही घरात कुणीतरी सुचवेल. नवरा-नवरीचे जोडीचे फोटो तीच साडी नेसून पुन्हा काढता येतात; काढलेत तर तेवढं बिल जोडून बघा. पाहुणे बोलावून, मांडव घालून सगळं पुन्हा उभं करण्याचा खर्च कुणी देणार नाही, आणि ज्यांच्यासाठी ते करायचं ते आजोबा त्यात नसणारच.

तक्रार कुणाच्या नावाने? तुम्ही बोलणी केलीत, पण पैसे वडिलांनी दिले आणि सेवा बहिणीसाठी होती. ज्याच्यासाठी सेवा घेतली तोही कायद्याने ग्राहक असतो. म्हणून वडील आणि बहीण, दोघांना तक्रारदार करा. बहीण नसेल तर मनस्ताप नेमका कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर अर्जात सापडत नाही. तुम्ही साक्षीदार व्हा. समोरच्याचं नाव लिहिताना इन्स्टाग्रामवरचं स्टुडिओचं झकपक नाव एकटं टाकू नका; त्या नावाचा माणूस नसतो. यूपीआयच्या पावतीवर खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. ते घ्या, पुढे "प्रोप्रायटर" म्हणून स्टुडिओचं नाव आणि दुकानाचा पत्ता. पैसे त्याच्या बायकोच्या किंवा भावाच्या खात्यावर गेले असतील तर तेही अर्जात सांगा. रोख १५ हजारांची पावती नाही म्हणून घाबरू नका. ते पोचल्याचा त्याचा मेसेज किंवा "बाकी ४५ राहिले" असं काही त्याने लिहिलेलं चॅटमध्ये शोधा. ८५ मधून ४५ गेले की ४० आपोआप सिद्ध होतात.

धुळ्याला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी जळगावचा जिल्हा आयोग. अमळनेरहून गाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत. सेवेचा मोबदला ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य, आणि हा मोबदला दिलेल्या पैशांवर धरतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. मुदत घटनेपासून २ वर्षं. "तो देतो म्हणतोय" या आशेवर लोक ही मुदत घालवतात. फोनवरच्या आश्वासनाने ती लांबत नाही. नोटीस मिळाल्यावर उत्तर द्यायला त्याला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. निकाल मात्र तारखा पडत पडत येतो. वर्ष धरून चला, जास्तही लागेल. निकालानंतरही पैसे दिले नाहीत तर आयोग त्याला १ महिना ते ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २५ हजार ते १ लाखापर्यंत दंड करू शकतो, म्हणून निकाल नुसता कागद राहत नाही.

तक्रारीआधी स्पीड पोस्टाने एक नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. भाषा वकिली नको. एवढं पुरे: "दि. … रोजीच्या हळदी-लग्नाच्या चित्रीकरणासाठी आपण रु. ४०,०००/- घेतले. आपण आला नाहीत, बदली माणूस पाठवला नाहीत, आणि त्याच दिवशी धुळे येथे दुसऱ्या लग्नात काम केलेत. १५ दिवसांत सदर रक्कम व्याजासह आणि नुकसानभरपाई रु. १,००,०००/- द्यावी, अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू." शिव्या नकोत, धमकी नको. फेसबुकवर त्याचा फोटो टाकून "चोर" लिहायचाही मोह आवरा. मानहानीची केस त्याच्या हातात आयती जाईल.

कार्डावरच्या त्या ओळीचं ओझं घेऊ नका. "अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही" ही ओळ लग्न तुम्ही रद्द केलंत तर लागू होते. तो दिवस त्याने तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो, त्याची ती किंमत. दिवस राखलाच नाही तर किंमत कसली? अर्जात एवढंच म्हणा की ही अट इथे लागू होत नाही. "हा करारच अनुचित आहे" असा मोठा मुद्दा काढू नका. अनुचित कराराच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे नसतात, राज्य आयोगाकडे जातात, आणि तुमचं साधं प्रकरण उगाच वरच्या आयोगाच्या वाटेला लागेल. आणि लेखी करार नव्हता म्हणूनही अडत नाही. चॅटमध्ये तारखा, रक्कम आणि काम ठरलेलं आहे, करार तोच.

४२० म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तिथे सगळी मेख एका प्रश्नात आहे: पैसे घेतानाच त्याच्या मनात फसवणूक होती का? करार नुसता मोडला म्हणून फसवणुकीचा गुन्हा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलंय. म्हणून धुळ्याच्या त्या घरी एकच गोष्ट विचारा: तुम्ही त्याला ऑर्डर कधी दिलीत? त्यांची ऑर्डर आधीची असेल आणि ती हातात असताना त्याच दोन तारखांचे तुमचे ४० हजार घेतले असतील, तर पोलिसांकडे लेखी अर्ज द्यायला जागा आहे. अर्जाची पोच घ्या. तुमची आधीची असेल आणि मोठी ऑर्डर आली म्हणून त्याने तुम्हाला सोडलं असेल, तर तो बेइमानपणा आहे, पण गुन्हा सिद्ध होणं कठीण. ठाण्यात "हे दिवाणी आहे" असं ऐकवलं जाईल आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असेल. तिसरी शक्यताही आहे. वैशाखातल्या दाट तिथ्यांना काही स्टुडिओ एकाच दिवसाच्या तीन-चार ऑर्डरी घेतात आणि रोजावर पोरं पाठवतात. तुमच्याकडे यायचं पोरगंच ऐनवेळी फिरकलं नसेल. त्याने जबाबदारी टळत नाही, फक्त ४२० लागत नाही. आई आजारी होती हे खरं निघालं, तरीही न केलेल्या कामाचा इसार ठेवून घेता येत नाही.

या सगळ्याच्या आधी, याच आठवड्यात, हळदीला आलेल्या प्रत्येकाकडून फोनमधले फोटो गोळा करा. लोक फोनमधली जागा भरली की आधी लग्नाचेच फोटो उडवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि काढल्याची वेळही निघून जाते. म्हणून "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा किंवा ड्राइव्हचं फोल्डर बनवून द्या. बँडवाले, डीजेवाला, मांडववाला हेही आपल्या जाहिरातीसाठी व्हिडिओ काढतात, त्यांना विचारा. व्याह्यांच्या फोटोग्राफरकडे अल्बममध्ये न घेतलेले शेकडो मूळ फोटो असतात; थोडे पैसे देऊन पूर्ण हार्ड डिस्कच मागा. आजोबांची एखादी चौकट कुठेतरी निघू शकते. निघाली तर भरपाई थोडी कमी होईल, होऊ द्या.

ज्यांच्या घरी येत्या तुळशीच्या लग्नानंतर कार्य आहे, त्यांनी ऑर्डर देताना व्हॉट्सअ‍ॅपवरच चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कॅमेरा नेमका कोण धरणार त्याचं नाव, तो नाही आला तर कोण येणार, किती वाजता येणार, आणि कुणीच आलं नाही तर इसार परत देऊन वर किती रक्कम देणार. शेवटची गोष्ट मागायला लोक लाजतात. पण करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे आधीच ठरवलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते, आणि ज्या नुकसानाचं मोजमाप करता येत नाही तिथे अशी आधी ठरलेली रक्कम फार उपयोगी पडते. ८५ हजारांच्या कामाला ५० हजार लिहिलेले शोभतात. १० लाख लिहिलेत तर कुणी मानणार नाही. इसारही निम्मा देऊ नका. चौथाई आधी द्या, मोठा हप्ता हळदीला माणूस दारात आल्यावर.

आणि भाऊ, नोटीस गेल्यावर तो बहुतेक ४० हजार घेऊन घरी येईल आणि वडिलांपुढे "आमची काही तक्रार नाही" असा कागद ठेवेल. समोर बसलेल्या माणसाची वडिलांना भीड पडेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. इसार परत घेऊन विषय संपवायचा असेल तर जरूर सही करा, त्यात कमीपणा नाही. बहिणीला मात्र आधी विचारा. संपवायचा नसेल तर पैसे घ्या, आणि पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा: "इसाराची रक्कम रु. ४०,०००/- परत मिळाली. नुकसानभरपाईचा हक्क राखून." या ओळीखाली त्याची सही मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर पैसे रोख न घेता खात्यावर घ्या आणि तीच ओळ त्याला मेसेज करा.